गरम भांडं उचलायचं नाही, सरकवायचं

प्रश्न: आई ७४ वर्षांची. गुडघे गेलेत, घरात काठी घेऊन चालते. दोन्ही डोळ्यांना मधोमध धूसर दिसतं, मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, खराब झालाय, चष्म्यानं सुधारणार नाही असं डॉक्टर म्हणाले. गेल्या महिन्यात कुकर उतरवताना हात भाजला. आम्ही दोघंही नोकरीला. पार्ल्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, स्वयंपाकघर ८ बाय ६, पाइपचा गॅस. रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, त्यामुळे तोडफोड करायची नाही. गॅसला हात लावू नको म्हटलं की ती दोन दिवस बोलत नाही. काय करता येईल?

तुमचं सगळं लक्ष गॅसकडे आहे. मी आधी काठीकडे बघेन. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि घरी जाऊन स्वयंपाकघरं बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. काठी घेणाऱ्या माणसाचा एकच हात मोकळा असतो, आणि भरलेला कुकर उतरवायला दोन हात लागतात. म्हणजे आईनं काठी बाजूला ठेवली असणार, दुखऱ्या गुडघ्यांवर तोल सांभाळत कुकर उचलला असणार, आणि तो टेकवायचा कुठे हे धड दिसलं नसणार. ज्योतीनं भाजण्यापेक्षा असं उचलताना आणि नेताना भाजलेलीच माणसं मी जास्त बघते. त्यामुळे गॅस बंद करून फार काही साधणार नाही. आईला गरम वस्तू उचलावीच लागू नये, अशी मांडणी करायला हवी.

काही गोष्टी मात्र तुमच्या आईवरच अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. मधलं दिसत नाही पण कडेचं दिसतं, अशी नजर असेल तर उजेड आणि रंगातला फरक यांचा भरपूर उपयोग होतो. काचबिंदूत बहुतेकदा उलटं असतं. समोरचं दिसतं, पण कडेला उघडं राहिलेलं कपाटाचं दार दिसत नाही आणि कपाळ आपटतं. आईला मधुमेह असेल तर बोटांना गरम-गार नीट कळतं का, हे कोमट पाण्याच्या वाटीनं बघा. बोटं बधिर असतील तर ‘हात लावून बघते’ हा तिचा आधार गेला. आणि तिसरं म्हणजे विसरणं. गॅस चालू आहे हे दिसत नाही, ही एक गोष्ट. गॅस लावला होता हेच आठवत नाही, ही वेगळी. दुसरा प्रकार वारंवार होत असेल तर खाली लिहिलेलं पुरणार नाही. मग कोणी घरात असतानाच स्वयंपाक, असंच ठरवावं लागेल.

आता एका रविवारी आईला चहा करू द्या आणि तुम्ही दारात स्टूल टाकून गप्प बसा. मदत करायची नाही, सूचनाही द्यायच्या नाहीत. तीन गोष्टी बघा: हात ज्योतीवरून किती वेळा जातो, चेहरा भांड्यावर किती वेळा झुकतो, आणि काठी कुठे टेकवली जाते. मुंबईच्या जुन्या स्वयंपाकघरांत शेगडीच्या बरोबर वर एक फळी हमखास असते आणि तिच्यावर चहा-साखरेचे डबे. म्हणजे पदर किंवा बाही रोज आगीवरून. ती फळी आजच रिकामी करा, त्याला एक पैसाही लागत नाही. काठी ओट्याला टेकवली की घसरून पडते, आणि ती उचलायला वाकणं हे पुन्हा वेगळं संकट. ओट्याच्या कडेला काठी अडकवायची क्लिप लावा. तीनशे रुपयांच्या आत काम होतं.

मग मोजपट्टी घ्या. इथे एक उदाहरण देते. मुलुंडला एक आजी होत्या, उंची ४ फूट १० इंच. त्यांचं कोपर जमिनीपासून साधारण साडेछत्तीस इंचांवर आणि खांदा साडेसत्तेचाळीसवर. ओटा ३३ इंचांचा. चिरायला, मळायला तो ठीक होता, कारण कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली काम असलं की हात थकत नाहीत. पण त्या ओट्यावर ५ इंच उंचीची शेगडी, म्हणजे भांडं ठेवायची जाळी ३८ वर. त्यावर पाच लिटरचा उभा कुकर ७ इंचांचा, म्हणजे त्याची कड ४५ वर, आणि झाकणाचा दांडा जवळजवळ खांद्याला. आत बघायचं तर टाचा उंच करून वाफेवर तोंड न्यायचं, उतरवायचा तर चार किलो वजन खांद्याच्या उंचीवरून. कितीही सांभाळून केलं तरी भाजणारच. अशा वेळी घरचे लोक पायाखाली पाट देतात. तो मुळीच देऊ नका. काठीवाल्या माणसाला त्या पाटावरून उतरताना पायरी दिसत नाही.

त्या आजींच्या घरी आम्ही दोन बदल केले. उभा कुकर माळ्यावर टाकला आणि दोन लिटरचा बसका, एका लांब दांड्याचा कुकर आणला. दोन माणसांचा वरणभात त्यात आरामात होतो. आणि हा कुकर शेगडीवरून काढून इंडक्शनवर आणला. इंडक्शन ठेवलं ओट्याला लागून असलेल्या २८ इंच उंचीच्या भक्कम टेबलावर. हिशेब बघा: २८ अधिक इंडक्शनचे ३ अधिक कुकरचे ५, म्हणजे कड ३६ वर, बरोबर कोपराशी. एक हात ओट्यावर टेकून दुसऱ्या हातानं झाकण उघडता येतं आणि वाफ तोंडाच्या बरीच खाली राहते. तुमच्या घरी टेबलाला जागा नसेल तर भिंतीला घडीची फळी बसवता येते, पण तिचे ब्रॅकेट भक्कम हवेत. खाली पाय दिलेला बरा.

आता सरकवण्याबद्दल, कारण तुमच्या घरात सगळ्यात जास्त फरक यानं पडेल असं मला वाटतं. शेगडीची जाळी ओट्यापेक्षा चार-पाच इंच वर असते, त्यामुळे प्रत्येक भांडं उचलून खाली ठेवावं लागतं. ही पायरी काढून टाकायची. शेगडीच्या सिंककडच्या बाजूला, जाळीच्याच उंचीची एक छोटी घोडी बनवून घ्या. फॅब्रिकेशनवाला लोखंडी अँगलची चौकट करून देतो, साधारण १६ बाय १२ इंच, आणि वर फिकट रंगाची, चकाकी नसलेली टाइल बसवायची. लाकूड नको, ज्योतीच्या इतक्या जवळ ते काळं पडतं. घोडीच्या पायांना रबरी बूट, आणि चौकट मागे भिंतीला भिडलेली, म्हणजे धक्क्यानं सरकणार नाही.

दोन बारकावे आहेत. टाइल जाळीपेक्षा किंचित खाली हवी, दोन-तीन मिलिमीटर. वर राहिली तर भांडं तिच्या कडेला अडखळतं आणि हिंदकळतं. दुसरं, जाळीची कड आणि घोडी यांच्यात शेगडीच्या पत्र्यामुळे तीन-चार इंचांची फट राहते. फटीच्या दुपटीहून मोठ्या बुडाचं पातेलं किंवा कढई ती सहज ओलांडते. चहाचं पाच इंची पातेलं मात्र फटीत कलतं. म्हणून चहासाठी लांब दांड्याचं, एका हातात पेलेल असं सॉसपॅन ठेवा आणि दोन कपांपेक्षा जास्त चहा त्यात करू नका. तेवढं वजन एका हातानं उचलून टाइलवर टेकवणं जमतं. पातेलं सरकवायला सांडशी लागतेच, पण तिची पकड मोठ्या जड भांड्याला भरवशाची नसते. दोन्ही बाजूंना कान असलेली भांडी आणि जाड सुती हातमोजे जास्त बरे. नायलॉनचे घेऊ नका, आगीजवळ ते वितळतात.

आईला पोळ्या करायच्या असतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. करत असेल तर तवा आणि पोळपाट यांतलं अंतर एका हातावर यायला हवं आणि हात पुढच्या ज्योतीवरून मागे जायला नको. तीन बर्नरची शेगडी असेल तर मागचा बर्नर वापरायचाच नाही, त्यावर झाकण म्हणून पालथी ताटली ठेवून द्या.

गुडघ्यांसाठी बसून काम करणं उत्तमच, पण त्यालाही एक अट आहे. चिरणं, निवडणं, कणीक मळणं ही सगळी गार कामं बसून करावीत. पाठ आणि हात असलेली खुर्ची, मांड्या आरामात टेबलाखाली जातील अशी, चाकं नसलेली. गरम भांड्यापुढे मात्र गुडघे टेबलाखाली घालून बसायचं नाही. उभ्या माणसाच्या अंगावर सांडलं तर तो मागे सरकतो. बसलेल्याचं सगळं मांडीवर पडतं आणि त्याला चटकन उठता येत नाही. बसूनच ढवळायचं असेल तर खुर्ची टेबलाला आडवी लावावी, म्हणजे एक कूस भांड्याकडे राहते.

रोजच्या वस्तू कुठे ठेवायच्या याचं उत्तर छोटं आहे. आईची कंबर ते खांदा या उंचीत आणि शेगडीपासून हाताच्या अंतरावर जे मावेल तेवढंच स्वयंपाकघर तिचं. मिसळणाचा डबा, मीठ, चहा, साखर, तेलाची छोटी बाटली, दोन पातेली, कुकर, चार ताटल्या, बस्स. ओट्याखालच्या ट्रॉलीपैकी सगळ्यात वरचीच तिची. बाकीचं तुमचं, ते माळ्यावर जाऊ द्या. आणि तुम्ही किंवा कामवाल्या ताईंनी काही वापरलं तर ते इंचभरही न हलवता जागेवर ठेवायचं. कमी दिसणाऱ्या माणसाच्या हाताला वस्तूची जागा पाठ असते. मिठाच्या जागी साखर गेली तर भाजी फुकट जाईल, पण सुरीची जागा बदलली तर बोट जाईल.

आता ज्योत. भर उजेडात निळी ज्योत तुम्हाआम्हालाही नीट दिसत नाही, आईला तर अजिबात दिसणार नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबायचंच नाही. कमी दिसणाऱ्यांना आम्ही एक क्रम शिकवतो: भांडं आधी बंद बर्नरवर ठेवायचं, हातानं चाचपून मधोमध आणायचं, मग गॅस लावायचा. उतरवताना आधी गॅस बंद, मग भांड्याला हात. यासाठी लायटर लागू नये, बटण फिरवल्यावर आपोआप पेटणारी शेगडी हवी. ती घेताना ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी, म्हणजे फ्लेम फेल्युअर डिव्हाइस असलेली मिळते का बघा. बर्नरशेजारी एक छोटी तापणारी कांडी असते. दूध उतू जाऊन ज्योत विझली की ती गार होते आणि पुरवठा बंद होतो. अशा शेगडीचं बटण पेटवताना काही सेकंद दाबून धरावं लागतं. आईची बोटं तेवढी दाबू शकतात का, हे दुकानातच करून बघा. आणि पाइपच्या गॅसला सिलिंडरच्या शेगडीपेक्षा वेगळे जेट लागतात, ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यायचे.

जुन्या शेगडीवर निदान खुणा करा. बटण बंद असताना त्याच्या टोकावर एम-सीलचा मुगाएवढा उंचवटा बसवा आणि बरोबर त्याच्यासमोर पत्र्यावर दुसरा. बोट फिरवलं आणि दोन्ही समोरासमोर लागले, की गॅस बंद. टिकल्या लावून काम भागवायला जाऊ नका, तेल आणि उष्णतेनं आठवड्यात पडतात. शिवाय पाइपवरचा वॉल्व्ह आईला दाखवून ठेवा. त्याचा दांडा नळीच्या दिशेनं असला की चालू, नळीला आडवा असला की बंद. डोळे मिटूनही कळतं. स्वयंपाक झाला की तो आडवा करायची सवय लावा. वॉल्व्ह शेगडीच्या मागे असेल तर तिला तिथे पोचायला ज्योतीवरूनच हात न्यावा लागेल. मग तो हलवून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करा, प्लंबरला हात लावू देऊ नका.

गॅस गळतीचा अलार्म घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर जातो. सिलिंडरचा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे तुमच्याकडे अलार्म छताजवळ हवा आणि सिलिंडर असलेल्यांकडे जमिनीपासून फूटभरावर. खोक्यावर तो कोणत्या गॅससाठी आहे ते वाचून घ्या. वय झालं की वासही कमी येतो, म्हणून अलार्मला मी चैन म्हणत नाही. तो वाजला तर दिव्याचं बटण ना चालू करायचं, ना बंद करायचं. खिडकी उघडायची, वॉल्व्ह बंद करायचा, बाहेर पडायचं.

इंडक्शन घेताना सपाट, टच करायची बटणं असलेलं घेऊ नका. काळ्या काचेवरची ती पांढरी अक्षरं आईला दिसणार नाहीत आणि बोटाला काही लागणारही नाही. दाबल्यावर टक्क आवाज करणारी बटणं हवीत, आणि टायमर हवा. २००० वॅटच्या इंडक्शनला मोठा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. जुन्या बिल्डिंगमधल्या लहान सॉकेटवर अडॅप्टर लावून ते चालवू नका, वायर तापते. नवा सॉकेट काढताना इलेक्ट्रिशियनकडून घरची वायरिंगही बघून घ्या. फ्रिजवरचं चुंबक ज्या भांड्याच्या बुडाला चिकटतं तेच त्यावर चालतं, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. आईला पेसमेकर असेल तर घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्योत नसली तरी भांडं उतरवल्यावर काच बराच वेळ तापलेली राहते, हे तिला सांगून ठेवा.

उजेडाची परीक्षा अशी करा: रात्री ओट्यावर वर्तमानपत्र पसरा, आईच्या जागी उभे राहा आणि हात पुढे करा. कागदावर तुमचीच सावली पडली, तर ट्यूब तुमच्या पाठीमागे आहे. बहुतेक घरांत ती दाराच्या वरच्या भिंतीवर असते, म्हणजे आई रोज स्वतःच्या सावलीत चिरते. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि त्यात मॅक्युला खराब. दोन फुटी एलईडी बॅटन, दुधी कव्हरची, वरच्या कपाटाच्या तळाला पुढच्या कडेशी लावा आणि तिच्यापुढे दीड इंचाची पट्टी ठोका. दिवा डोळ्यांत येता कामा नये, उजेड फक्त ओट्यावर पडावा. वर कपाट नसेल तर त्या रिकाम्या केलेल्या फळीच्या खाली, पण शेगडीच्या थेट वर नको, बाजूला. तेलकट वाफेनं कव्हर महिन्याभरात पिवळं पडतं, पुसत राहा.

रंग ‘नॅचरल व्हाइट’, ४००० केल्विनच्या आसपासचा, बऱ्याच जणांना मानवतो. पण यात माणसागणिक फरक असतो. दुकानातून दोन रंगांचे बल्ब आणा, दोन-दोन दिवस लावा आणि आईलाच विचारा. जुनी ट्यूबही चालू ठेवा. ओटा लख्ख आणि जमीन अंधारी असं झालं तर अडचण वाढते, कारण मॅक्युलाच्या आजारात उजेडातून अंधारात गेल्यावर नजर जुळायला खूप वेळ लागतो. पॅसेजमध्ये माणसाच्या चाहुलीनं लागणारा बल्ब त्याचसाठी.

तुमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, चकचकीत असणार असं मी धरून चालते, मुंबईत दहातले आठ तसेच दिसतात. त्यावर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं आणि पाणी सांडलंय का उजेड पडलाय हे कळत नाही. काळा तवा, काळी काच, काळा दगड, सगळं एकात एक. ओट्याच्या पुढच्या कडेला इंचभर रुंद पिवळी टेप लावा, म्हणजे भांडं कडेबाहेर जाणार नाही. घोडीवर फिकट टाइल मी याचसाठी सांगितली: स्टीलचं पातेलं तिच्यावर स्पष्ट दिसतं आणि ‘गरम इथेच ठेवायचं’ ही जागा पक्की होते. चिरायच्या फळ्या दोन घ्या, कांदा-बटाट्याला गडद आणि वांगी-मेथीला पांढरी. पांढऱ्या कपात दूध ओतताना पातळी दिसत नाही, आतून गडद कप घ्या. स्विचबोर्डच्या बटणांभोवतीही टेपची चौकट करा. आणि ओल्या लाद्यांवरचं ते पायपुसणं आजच काढा.

एवढं सगळं एकदम करू नका, आई वैतागेल. पहिल्या आठवड्यात फळी, पायपुसणं, टेप आणि बटणावरचे उंचवटे. मग दिवा. मग घोडी आणि छोटा कुकर. इंडक्शन सगळ्यात शेवटी, आणि ते आल्यावर आठवडाभर तुम्ही घरी असतानाच तिला वापरू द्या. कुठलाही बदल तिच्या हातानं करून बघितल्याशिवाय पक्का करू नका. घोडी पाव इंच उंच झालीये हे मला कळणार नाही, तिच्या मनगटाला लगेच कळेल.

कपात पाणी भरत आलं की वाजणारं छोटं यंत्र आणि स्पर्शानं ओळखायच्या खुणांसारखं साहित्य वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे विचारा. आईला तपासून घरासाठी नेमकं सांगणारं कोणी हवं असेल तर हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहे. जाताना ओट्याची, शेगडीची आणि आईच्या कोपराची उंची लिहून न्या, आणि ती चहा करतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या, निम्मं काम तिथेच होतं.